कैरीचे लोणचे : भेसळ-चाचणी आणि सुरक्षित टिकवण यांचा विज्ञान प्रदर्शनासाठी एक एकत्रित प्रकल्प

बीजसंज्ञा : मेटॅनिल यलो, नियंत्रण नमुना, आयोडीन चाचणी, सामू, जलक्रियाशीलता, तेलाचा थर

प्रस्तावना

महाविद्यालयीन विज्ञान प्रदर्शनांत अन्नभेसळ आणि अन्नटिकवण हे दोन विषय बहुधा स्वतंत्र मांडले जातात. एका मेजावर परीक्षानळ्यांची रांग असते, तर दुसऱ्या मेजावर बरण्यांची. पहिल्या मेजावर 'रंग आला म्हणजे भेसळ' असा निर्णय दिला जातो, तर दुसऱ्यावर 'तेलाचा थर असला म्हणजे पदार्थ टिकतो' असे सांगितले जाते. ही दोन्ही विधाने अर्धसत्य आहेत. पहिल्यामुळे निर्दोष दुकानदारावर आरोप होऊ शकतो, दुसऱ्यामुळे एखाद्या घरी विषबाधा होऊ शकते. प्रकल्पाला मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापकाने म्हणूनच एक प्रश्न सतत समोर ठेवावा लागतो : या प्रयोगातून नेमके काय सिद्ध होते आणि काय होत नाही?

प्रस्तुत लेखात त्यासाठी कैरीच्या लोणच्याचे उदाहरण घेतले आहे. लोणच्यात पडणारी हळद आणि हिंग हे भेसळ-चाचणीचे नेहमीचे पदार्थ आहेत, आणि स्वतः लोणचे ही घरगुती टिकवणीची जुनी, परिचित रीत आहे. एकाच बरणीभोवती दोन्ही विषय आले की विद्यार्थ्यांना त्यांतील रसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र सलग पाहता येते.

हळदीची चाचणी आणि तिच्यातील मेख

मेटॅनिल यलो हा कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांतून तयार होणारा पिवळा ॲझो रंग आहे. भारतात तो खाद्यपदार्थांत वापरण्यास परवानगी नाही. तो ओळखण्याची प्रचलित रीत अशी : हळदीच्या पाण्यातील अर्कात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकावेत. गुलाबी वा जांभळट रंग आला तर त्यात पाणी घालावे. पाण्याने रंग नाहीसा झाला तर तो हळदीचा स्वतःचा, टिकून राहिला तर मेटॅनिल यलोचा समजावा.

बहुतेक फलकांवर या रीतीचा पहिला भागच येतो आणि पाणी घालण्याची पायरी गळून जाते. घोटाळा तेथेच होतो. हळदीतील कुर्कुमिन हे द्रव्य स्वतःच आम्ल-अल्कलीनुसार रंग बदलणारे आहे. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, हे प्रत्येक घरात पाहिलेले असते. तो अल्कलीचा परिणाम होय. अतितीव्र आम्लातही कुर्कुमिन लालसर होते. त्यामुळे शुद्ध हळकुंडाची पूडही तीव्र आम्लात गुलाबी छटा देऊ शकते. केवळ त्या छटेवरून निर्णय दिला तर चांगली हळद भेसळयुक्त ठरते.

पाणी घालण्याची पायरी पाळली तरी आणखी एक अडचण उरते : पाणी किती घालावे? मेटॅनिल यलो हाही एक दर्शक आहे. सामू सुमारे १.२ च्या खाली असताना तो लाल असतो, आणि सुमारे २.३ च्या वर गेला की पिवळा होतो. आता हिशेब करून पाहावा. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाची संहती साधारण १२ मोलर असते. त्याचे पाच थेंब म्हणजे सुमारे पाव मिलिलिटर, आणि त्यात ०.००३ मोल आम्ल. एकूण द्रव ५ मिलिलिटर असेल तर आम्लाची संहती ०.६ मोलर येते व सामू १ च्या बराच खाली राहतो. अशा वेळी मेटॅनिल यलो स्पष्ट लाल दिसेल. हाच द्रव ५० मिलिलिटरपर्यंत वाढवला तर संहती ०.०६ मोलर आणि सामू १.२ च्या आसपास येतो, म्हणजे रंग बदलण्याच्या उंबरठ्यावर. चंचुपात्र भरून अर्धा लिटर पाणी घातले तर सामू २.२ होतो आणि मेटॅनिल यलोचा लाल रंगही जवळजवळ पूर्ण मावळतो. याचा अर्थ, भरपूर पाणी ओतणाऱ्या विद्यार्थ्याला भेसळयुक्त हळदही शुद्ध वाटेल. 'पाणी घालावे' या एका शब्दाऐवजी 'किती' हे लिहिले नाही, तर एकाच नमुन्यावर दोन गट परस्परविरुद्ध निष्कर्ष काढतील, आणि दोघांनीही कृती पाळलेली असेल.

ही मेख सोडवण्याचा मार्ग दोन गुणधर्मांतील फरकात आहे. कुर्कुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तर मेटॅनिल यलो सहज विरघळतो. म्हणून एक ग्रॅम हळद १० मिलिलिटर पाण्यात ढवळून गाळणकागदातून गाळून घ्यावी. शुद्ध हळदीचा गाळलेला द्रव फिकट असतो. तो गडद पिवळा आला तर पाण्यात विरघळणाऱ्या रंगाचा संशय घेण्यास जागा आहे. या द्रवाचे ५ मिलिलिटर घेऊन त्यात तेवढेच ०.२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळावे. मिश्रणाचा सामू १ च्या जवळ येतो. मेटॅनिल यलोचा लाल रंग येण्यास एवढे आम्ल पुरते, कुर्कुमिनला लाल करण्याइतके ते तीव्र नसते. शिवाय विद्यार्थ्यांच्या हाती धूर सोडणारे तीव्र आम्ल द्यावे लागत नाही. सौम्य आम्ल प्रयोगशाळेत आधी प्राध्यापकाने किंवा प्रयोगशाळा साहाय्यकाने तयार करून ठेवावे आणि ते करताना पाण्यात आम्ल ओतावे, आम्लात पाणी नव्हे.

नियंत्रण नमुन्यांशिवाय निष्कर्ष नाही

एकट्या बाजारी नमुन्यावर केलेली चाचणी हा प्रयोग नव्हे. त्याच्या शेजारी किमान दोन नमुने हवेत. एक, अखंड हळकुंडे आणून समक्ष कुटलेली पूड. दुसरा, त्याच पुडीत मेटॅनिल यलो जाणूनबुजून मिसळून केलेला नमुना. तिन्ही नळ्या पांढऱ्या कागदासमोर एकाच वेळी पाहिल्या म्हणजे रंगाविषयीचा मतभेद राहत नाही.

दुसऱ्या नमुन्यातून प्रकल्पाचा खरा शोधप्रश्न तयार होतो : ही चाचणी किती कमी भेसळ दाखवू शकते? घरी कुटलेल्या ९.९ ग्रॅम पुडीत १०० मिलिग्रॅम रंग खलबत्त्यात एकजीव केला की एक टक्क्याचे मिश्रण होते. त्यातील १ ग्रॅम ९ ग्रॅम शुद्ध पुडीत खलले की ०.१ टक्का, आणि तीच क्रिया पुन्हा केली की ०.०१ टक्का. प्रत्येक मिश्रणावर वरील चाचणी करून जेथे गुलाबी छटा दिसेनाशी होते ती मर्यादा विद्यार्थ्यांनी स्वतः नोंदवावी. कोरडी पूड खलताना रंग सर्वत्र सारखा पसरत नाही, म्हणून प्रत्येक मिश्रणातून तीन वेगळे नमुने घ्यावेत. नळ्यांना फक्त क्रमांक द्यावेत आणि वाचन करणाऱ्या विद्यार्थ्याला कोणता क्रमांक कशाचा हे ठाऊक नसावे. हे काम प्रयोगशाळेतच हातमोजे घालून करावे. उरलेली मिश्रणे स्वयंपाकघराच्या वाटेला जाऊ नयेत यासाठी त्यांवर ठळक चिठ्ठी लावून प्रदर्शनानंतर ती प्रयोगशाळेच्या टाकाऊ रसायनांत जमा करावीत.

चाचणी नकारार्थी आली तर काय म्हणता येते? एवढेच की, या मर्यादेपलीकडे मेटॅनिल यलो आढळला नाही. 'हळद शुद्ध आहे' असे म्हणता येत नाही. लेड क्रोमेट हा शिशाचा पिवळा क्षार हळदीला चमक आणण्यासाठी वापरला गेल्याची उदाहरणे आहेत. बांगलादेशातील हळदीत तो आढळल्याचे संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले होते. हा क्षार पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे गाळलेल्या द्रवात तो उतरतच नाही आणि वरील चाचणीला तो दिसत नाही. आरोग्याच्या दृष्टीने मात्र शिसे हे अधिक गंभीर विष आहे. मिरचीच्या तिखटाचीही हीच गोष्ट. पाण्यावर तिखट भुरभुरवून रंगाच्या रेघा उतरतात का पाहण्याची रीत पाण्यात विरघळणारे रंगच पकडते. तिखटातील सुदान वर्गाचे रंग तेलात विरघळणारे असतात. २००५ मध्ये ब्रिटनमधील शेकडो खाद्यपदार्थ परत मागवले गेले ते याच वर्गातील सुदान-१ मुळे. पाण्याच्या पेल्यात तो कधीच सापडला नसता.

आयोडीनचा निळा रंग : खरा पुरावा, चुकीचा आरोप

पिष्ट ओळखण्याची आयोडीन चाचणी अत्यंत विश्वासार्ह आहे. प्रश्न चाचणीचा नाही, ती कोणत्या पदार्थावर केली याचा आहे. दूध, खवा आणि पनीर यांत मुळात पिष्ट नसते, म्हणून तेथे निळा रंग आला तर बाहेरून काही घातले असा अर्थ निघतो. हळद मात्र जमिनीतील खोड आहे. आपल्या साठवणीसाठी ते पिष्ट धरून ठेवते. शुद्ध हळकुंडाच्या पुडीवर आयोडीन टाकले तरी ती काळपट निळी होणारच. 'हळदीत मैदा' हा निष्कर्ष अशा चाचणीने काढणे म्हणजे बटाट्यात पिष्टाची भेसळ शोधण्यासारखे आहे.

हिंगाच्या बाबतीत चूक अधिक सूक्ष्म होते. हिंग हा एका वनस्पतीच्या मुळाशी चीर देऊन मिळणारा, राळ व डिंक यांचा चिकट मिश्र स्राव आहे. त्याचा वास इतका उग्र असतो की तो तसाच वापरणे अवघड जाते. म्हणून बाजारात बहुधा बांधानी हिंग मिळतो. त्यात हिंगाबरोबर खाण्याचा डिंक आणि गव्हाचे वा तांदळाचे पीठ असते, आणि कायद्याने त्यास अनुमती आहे. अशा हिंगावर आयोडीन निळे झाले तर ते वेष्टनावर छापलेल्या घटकांशी जुळणारेच आहे. भेसळ ठरवायची तर 'पिष्ट आहे का' हा प्रश्न पुरत नाही. 'वेष्टनावर नसलेले काही आहे का' हा प्रश्न विचारावा लागतो. चाचणीआधी वेष्टनावरील घटक वाचून नोंदवणे ही या प्रकल्पातील पहिली पायरी ठरावी, ती याचमुळे.

याच कारणास्तव फलकावर दुकानाचे वा छापाचे नाव लिहू नये, नमुना क्रमांक लिहावा. खरोखर संशय वाटल्यास त्यासाठी विहित मार्ग आहे. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम ४० नुसार खरेदीदारास शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेता येतो. महाराष्ट्रात या कामी अन्न व औषध प्रशासनाकडे जाता येते. प्रदर्शनातील परीक्षानळी संशय निर्माण करू शकते, न्यायनिवाडा करू शकत नाही.

लोणचे का टिकते : मीठ, आम्ल आणि हवा

आता त्याच मसाल्यांचे लोणचे घालण्याकडे वळता येईल. कैरीचे लोणचे तीन गोष्टींवर उभे असते. कैरीचे स्वतःचे आम्ल, मिठाने बांधलेले पाणी आणि तेलाने अडवलेली हवा. या तिघांची कामे वेगवेगळी आहेत, आणि एकाचे काम दुसरा करू शकत नाही.

मिठाचा हिशेब विद्यार्थ्यांना सहज करता येतो. कैरीच्या फोडींत वजनाने साधारण ८५ टक्के पाणी असते असे धरू. एक किलो फोडींत ८५० ग्रॅम पाणी झाले. त्यात २०० ग्रॅम मीठ घातले, तर पाणी आणि मीठ मिळून १,०५० ग्रॅमांत मिठाचे प्रमाण १९ टक्के येते. हे मीठ पाण्याला असे धरून ठेवते की सूक्ष्मजीवांना उपलब्ध असणारे पाणी, म्हणजे जलक्रियाशीलता, १ वरून सुमारे ०.८५ वर येते. बहुतेक रोगकारक जिवाणू तेथे वाढू शकत नाहीत. तेच मीठ 'कमी खारट' लोणच्यासाठी ६० ग्रॅमवर आणले, तर प्रमाण साडेसहा टक्क्यांच्या आसपास राहते आणि जलक्रियाशीलता ०.९६ च्या जवळपास. अशा फोडींत किण्वन सुरू होऊन बुडबुडे येतात, आणि पृष्ठभागावर यीस्टची पांढरी साय व बुरशी धरण्यास मुभा मिळते. भारतातील अन्न मानकांत मिठाच्या पाण्यात घातलेल्या लोणच्यासाठी किमान १२ टक्के मीठ सांगितले आहे, त्यामागे हाच विचार आहे. मीठ वाटीने न मोजता वजनाने घ्यावे. खडे मीठ आणि बारीक मीठ यांची वाटी सारखी असली तरी वजन सारखे नसते.

तेलाविषयीचा गैरसमज सर्वांत घट्ट आहे. तेल जंतू मारत नाही. ते केवळ हवा अडवते. बुरशीला हवा लागते, म्हणून फोडी तेलाखाली बुडालेल्या असल्या की बुरशी धरत नाही. पण हवा नको असलेलाही एक जिवाणू आहे, क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम. मातीतून येणारे त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात, आणि हवाबंद, कमी आम्लाच्या, ओल्या पदार्थात ते रुजून अत्यंत जहाल विष तयार करतात. सामू ४.६ किंवा त्याहून कमी असेल तर ते रुजत नाहीत. कच्ची कैरी याहून बरीच आंबट असते, म्हणून कैरीवर तेलाचा थर सुरक्षित ठरतो. सोललेला लसूण मात्र आंबट नाही. तो मिठाशिवाय व आम्लाशिवाय तेलात बुडवून खोलीच्या तापमानाला ठेवला, तर तेल त्याचे रक्षण करत नाही, उलट जिवाणूला हवी ती निर्वात जागा करून देते. १९८५ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणातून तीसहून अधिक जणांना ही विषबाधा झाली होती. अशा पदार्थाला वास वा चव बिघडल्याची खूण असेलच असे नाही. म्हणून लसूण, गाजर किंवा हिरवी मिरची यांच्या लोणच्यात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर हे चवीसाठी नसून सुरक्षेसाठी असते, आणि ते पाककृतीतून कमी करता येत नाही.

चार बरण्यांचा प्रयोग

हे सर्व प्रदर्शनात दाखवण्यासाठी चार लहान काचेच्या बरण्या पुरतात. प्रत्येकीत २०० ग्रॅम कैरीच्या फोडी घ्याव्यात. पहिल्या व दुसऱ्या बरणीत ४० ग्रॅम मीठ, तिसऱ्या व चौथ्या बरणीत १२ ग्रॅम मीठ. दुसऱ्या व चौथ्या बरणीत, दोन दिवसांनी फोडींना पाणी सुटल्यावर, गरम करून पूर्ण थंड केलेले तेल फोडींच्या वर किमान एक सेंटिमीटर येईल इतके ओतावे. कैऱ्या धुऊन कोरड्या पुसलेल्या, सुरी व बरण्या उन्हात वाळवलेल्या असाव्यात. तोंडाला घरच्याप्रमाणे स्वच्छ दादरा बांधावा, म्हणजे किण्वनाचा वायू कोंडणार नाही. या प्रयोगात मसाला घालू नये. त्यामुळे मीठ आणि तेल यांचा परिणाम निर्भेळ दिसतो.

सामू पहिल्या, तिसऱ्या, सातव्या व पंधराव्या दिवशी मोजावा. येथे पहिल्या भागातील हळद पुन्हा समोर येते. हळद घातलेल्या लोणच्यात सामूदर्शक कागद बुडवला तर कुर्कुमिन कागदच पिवळा करते आणि वाचन खोटे येते. तेलाचा तवंगही कागद भिजू देत नाही. म्हणून बिनमसाल्याच्या फोडींचे सुटलेले पाणी कोरड्या नळीने तेलाखालून काढून घ्यावे. कागदी पट्टीचे वाचन अर्ध्या एककाने चुकू शकते, यासाठी ४.६ ही सीमा असली तरी पट्टीवर ४ किंवा त्याहून कमी आले तरच ते निःसंशय मानावे.

पंधरा दिवसांत बहुधा तिसऱ्या बरणीवर प्रथम साय वा बुरशी दिसेल. मीठ कमी आणि हवा मोकळी, ही तिची कारणे. पहिल्या बरणीतही एखादी फोड पाण्यावर तरंगत राहिली तर तिच्यावर बुरशी येऊ शकते, कारण काही बुरशी बरेच मीठ सोसतात. फोडी दडपून ठेवण्यासाठी स्वच्छ काचेचे वजन वापरण्याचे कारण त्यातून कळते. चौथ्या बरणीत बुरशी नसेल, पण तेलातून बुडबुडे येताना दिसले तर किण्वन चालू आहे असे समजावे. बाहेरून ही बरणी दुसरीइतकीच चांगली दिसते, आणि हाच या प्रयोगाचा धडा आहे. बुरशी नसणे आणि पदार्थ स्थिर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसऱ्या बरणीतील सामूची नोंद विशेष काळजीने ठेवावी. बुरशी व साय तयार करणारी यीस्ट पदार्थातील आम्ल खातात, त्यामुळे पृष्ठभागाजवळचा सामू हळूहळू वर चढू शकतो. आम्ल हेच बॉट्युलिनमविरुद्धचे कुंपण असेल, तर बुरशी ते कुंपण आतून पोखरते. 'वरची बुरशी काढून खालचे वापरा' हा घरोघरी चालणारा सल्ला यामुळेच असुरक्षित ठरतो. चारही बरण्यांतील फोडी कोणीही चाखू नयेत आणि प्रदर्शनानंतर त्या टाकून द्याव्यात. बुरशी आलेली बरणी प्रेक्षकांसमोर उघडू नये, बीजाणू हवेत पसरतात.

निष्कर्ष

या प्रकल्पाचा फलक तीन विधानांचा असावा. पहिले, आमच्या रीतीने अमुक टक्क्यांपर्यंत मेटॅनिल यलो ओळखता आला, त्याखालील भेसळ व शिशाचे क्षार या रीतीने दिसत नाहीत. दुसरे, आयोडीनचा निळा रंग पिष्ट दाखवतो, भेसळ नव्हे. ती ठरवण्यासाठी पदार्थात मुळात काय असते हे आधी माहीत असावे लागते. तिसरे, चार बरण्यांतील फरक मीठ आणि हवा यांचा आहे, आणि ज्या भाजीत स्वतःचे आम्ल नाही तिच्यावर कैरीचा हा निष्कर्ष लागू करता येत नाही. परीक्षकांनी प्रत्येक विधानापुढे 'हे कोणत्या नियंत्रण नमुन्यावरून?' असे विचारावे, आणि विद्यार्थ्याला त्या नळीकडे किंवा बरणीकडे बोट दाखवता यावे.